प्युअर सिस्टिमचा किट: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

जिवंत पेशीशिवाय ट्यूबमध्येच प्रोटीन बनवणारा हा किट लॅबमध्ये काही महिने वापरतेय, घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी लिहितेय. हा ई. कोलायचा कच्चा अर्क नाही. 2001 मध्ये टोकियो युनिव्हर्सिटीत उएदांच्या गटाने रायबोसोम, टीआरएनए, 20 सिंथेटेज आणि बाकीचे फॅक्टर वेगवेगळे शुद्ध करून एकत्र मिसळले, तीच ही पद्धत. त्यामुळे हवा तो घटक वगळून ट्रान्सलेशन, म्हणजे एमआरएनए वाचून प्रोटीन बनणं, नेमकं कुठे अडतं ते बघता येतं, आणि माझ्या मते पैसे त्यासाठीच मोजायचे.

सुरुवातीचं चार्जिंग कोणी फार मनावर घेत नाही, पण कोडॉनचा, म्हणजे एमआरएनएवरच्या तीन बेसच्या शब्दाचा, अर्थ तिथेच ठरतो. सिंथेटेज एटीपी खर्चून योग्य अमिनो अ‍ॅसिड टीआरएनएला जोडतो, पुढे रायबोसोम मुख्यतः टीआरएनएचा अँटिकोडॉन कोडॉनशी जुळतोय का तेवढंच बघतो, वर काय लटकलंय ते जवळजवळ तपासतच नाही.

इनिशिएशनला माझा अनुभव असा की जेलवर प्रोटीनचा बँड आला नाही तर आधी टेम्प्लेट बघा. सुरुवातीचा कोडॉन एयूजी, त्याच्या 5 ते 9 बेस आधी शाइन-डालगार्नो सिक्वेन्स हवा, तो रायबोसोमच्या छोट्या 30एस भागातल्या 16एस आरएनएशी जुळला की एयूजी जागेवर बसतो, आयएफ2 फॉर्मिल-मेथिओनिनवाला टीआरएनए आणतो आणि मग मोठा 50एस भाग येऊन बसतो. पुढचं इलाँगेशन सुरळीत चालतं: ईएफ-टीयू टीआरएनए आणतो, पेप्टाइड बाँड रायबोसोमचा आरएनएच घडवतो, ईएफ-जी सगळं एक कोडॉन पुढे सरकवतो. ईएफ-टीयू आणि ईएफ-जी दोघांनाही प्रत्येकी एक जीटीपी लागतो.

सगळ्यात आवडलेला भाग टर्मिनेशनचा. जीएफपी या चमकणाऱ्या प्रोटीनच्या जीनच्या शेवटी यूएजी हा स्टॉप कोडॉन ठेवला आणि तयार प्रोटीन सोडवणारा आरएफ1 फॅक्टर नसलेला किट वापरला. यूएजी ओळखणारा टीआरएनए नसतो, ओळखतो तो आरएफ1, आरएफ2 फक्त यूएए आणि यूजीए बघतो. मग रायबोसोम तिथेच थांबतो आणि पूर्ण तयार प्रोटीन शेवटच्या टीआरएनएला चिकटलेलंच राहतं. जेलवर 27 किलोडाल्टनचा बँड अगदी फिका आणि त्याच्या बराच वर दुसरा ठळक बँड! तोच नमुना आरएनए तोडणारं आरएनएझ टाकून चालवला की वरचा बँड गायब आणि 27 चा गडद, म्हणजे वर टीआरएनएच लटकला होता हे पक्कं. आरएफ1 परत घातला की पाण्याचा रेणू वापरून तो बंध तुटतो, प्रोटीन सुटतं, आणि बाकी राहिलेला रायबोसोम आरआरएफ आणि ईएफ-जी मिळून मोकळा करतात.

हे बघायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. तो एस्टर बंध अल्कलीत तुटतो, म्हणून न्यूट्रल पीएचचं बिस-ट्रिस जेल घ्या आणि नमुना 95 डिग्रीला उकळू नका. 37 डिग्रीला फार वेळ ठेवलं तर भलताच टीआरएनए यूएजीवर शिरून रीडथ्रू होतो, बँड आणखी वर जातात आणि काहीच कळत नाही.

किंमत जास्त आहे, मोठ्या प्रमाणात प्रोटीन हवं असेल तर घेऊ नका, त्याला कच्चा अर्क किंवा सरळ ई. कोलाय बरा. आणि आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे 80 ला ठेवा, परत परत वितळवून गोठवला की रायबोसोमची ताकद जाते.