रोज सकाळी सहाचा सुविचार: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचक गटासाठी सात महिन्यांपासून रोज सकाळी सहाला सुविचाराचं एक चित्र आपोआप जातं. वाक्यं एका शीटमध्ये असतात. पायथनची स्क्रिप्ट त्यातलं पुढचं वाक्य उचलते, पिलो लायब्ररीने १०८० बाय १०८० च्या चित्रावर लिहिते आणि टेलिग्रामचा बॉट ते चॅनेलवर टाकतो. यातलं पाठवण्याचं काम एका संध्याकाळी जमलं. अक्षरं नीट उमटवायला मात्र दोन महिने गेले, म्हणून हा अनुभव मुख्यतः अक्षरांबद्दलच आहे.

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात स्क्रिप्ट सर्व्हरवर हलवली आणि दुसऱ्या दिवशी ‘निश्चय’ हा शब्द मोडून गेला. पहिली वेलांटी ‘न’च्या आधी यायला हवी, ती ‘न’च्या नंतर येऊन ‘श’च्या डोक्यावर बसली. ‘श्च’ जोडाक्षर जुळलंच नाही. श, खाली लोंबणारा हलन्त आणि च असे तीन तुकडे दिसत होते. मी आधी फॉन्टला दोष दिला आणि चार फॉन्ट बदलून पाहिले. सगळ्यांत तेच.

दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये ‘नि’ची साठवण न, मग वेलांटी अशी उच्चाराच्या क्रमाने होते. चित्र काढताना वेलांटी आधी नेणं आणि जोडाक्षर जुळवणं हे वेगळं काम असतं, आणि पिलोमध्ये ते राक्म ही लायब्ररी करते. पिलोच्या तयार पॅकेजमध्ये राक्म असते, पण ती चालायला मशीनवर फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. माझ्या सर्व्हरवर ती नव्हती. अशा वेळी पिलो कुठलीही तक्रार न करता साध्या पद्धतीवर जाते आणि अक्षरं एकामागोमाग मांडत सुटते. हे तपासायची ओळ अशी:

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

इथे `False` आलं, तर त्या मशीनवर मराठी मोडणार. मी `libfribidi0` टाकलं आणि ‘निश्चय’ जागेवर आला.

त्याहून उपयोगी गोष्ट मला नंतर कळली. अक्षरं लिहिताना भाषा सांगितली, की राक्म नसताना स्क्रिप्ट गप्प बसत नाही, एरर देऊन थांबते:

```python
draw.text((540, 300), line, font=font,
          anchor="ma", language="mr")
```

मोडकं चित्र जाण्यापेक्षा त्या दिवशी काहीच न गेलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय याच `language="mr"` मुळे नोटो सॅन्स देवनागरीत ल आणि श मराठी वळणाचे येतात. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच आपली रूपं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच आहेत. भाषा न सांगता ‘शाळा’ लिहा आणि सांगून लिहा, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. ही रूपं मुळातच असलेला फॉन्ट हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी आहे. लांब वाक्यांना मी तोच वापरते.

ओळी तोडायला आधी `textwrap` वापरलं होतं. ते चिन्हं मोजतं, रुंदी नाही. ‘कमळ’ तीन चिन्हांचं आणि दिसायला तीनच अक्षरी असलेला ‘निश्चय’ सहा चिन्हांचा, त्यामुळे काही ओळी उगाच अर्ध्यावर तुटायच्या. आता एकेक शब्द जोडत `draw.textlength` ने रुंदी मोजते, तिथेही भाषा सांगूनच, आणि ९०० पिक्सेलच्या पुढे गेलं की नवी ओळ.

सर्वांत उशिरा सापडलेली चूक माझ्याच साफसफाईच्या कोडमध्ये होती. शीटमधून न दिसणारी चिन्हं येतात म्हणून मी ती सरसकट काढत होते. त्यात U+200D हा जोडकही जायचा. काही कीबोर्ड ‘ऱ्य’ लिहिताना र, हलन्त, हा जोडक आणि य असं टाइप करतात. जोडक गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र! अक्षरं सुबक दिसत असल्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी कळवलं. आता तो जोडक मी राखते. पण लिहिणाऱ्यानेच ‘दर्या’ टाइप केलं असेल तर कुठलीही स्क्रिप्ट ते ओळखणार नाही.

वेळेचं एवढंच: सर्व्हरचं घड्याळ यूटीसी असेल तर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमध्ये सहा लिहिल्यावर पोस्ट आपल्याकडे साडेअकराला जाते. सहाला हवी असेल तर ००:३० लिहायचं.

आता चित्र आदल्या रात्री नऊला तयार होऊन आधी माझ्याकडे येतं. वेलांट्या आणि जोडाक्षरांकडे मी हल्ली फारसं पाहत नाही, ऱ्य आणि ऱ्ह मात्र दोनदा वाचते.