जिल्ह्याची सरासरी की माणसागणिक डेटा? चिन्हच उलटं होतं तेव्हा

जिल्ह्यांच्या सरासऱ्या हातात असल्या की रिग्रेशन पाच मिनिटांत होतं आणि आर-स्क्वेअर पण बहुतेक वेळा मस्त येतो, कारण सरासरी काढतानाच माणसामाणसातला फरक पुसला जातो. माणसागणिक डेटा मिळवायला महिने जातात, ग्राफ विस्कटलेला दिसतो. तरी माणसांबद्दल बोलायचं असेल तर मी दुसराच घेईन.

समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनचा १९५० चा पेपर बघा. अमेरिकेची १९३० ची जनगणना, युनिट जिल्हा नाही तर राज्य, पण गोष्ट तीच. ज्या राज्यात परदेशात जन्मलेले जास्त तिथे निरक्षर कमी, कोरिलेशन साधारण -०.५३. वाटतं की बाहेरून आलेले जास्त शिकलेले! माणसागणिक बघितलं तर +०.१२, म्हणजे तेच थोडे जास्त निरक्षर. झालं असं की ते लोक जास्त करून अशा राज्यांत वसले जिथले मूळचे लोक आधीच शिकलेले होते, म्हणजे राज्याचा आकडा शेजाऱ्यांचं शिक्षण मोजत होता.

दोन्ही डेटा असतील तर R मध्ये एकाच मॉडेलमध्ये टाका:

```
lm(y ~ x + x_mean)
```

`x_mean` म्हणजे त्या माणसाच्या जिल्ह्यातली `x` ची सरासरी. `x` चा आकडा जिल्ह्याच्या आतला स्लोप, आणि `x_mean` चा आकडा म्हणजे जिल्ह्यांमधला स्लोप त्याहून किती वेगळा. हा `x_mean` चा आकडा शून्याच्या जवळ असेल तरच सरासरीवरून माणसाबद्दल बोला. नुसत्या सरासऱ्या असतील तर ही तपासणी करताच येत नाही, तेव्हा वाक्य "ज्या जिल्ह्यांत..." असंच लिहा, "जे लोक..." असं नको.