पाणीपट्टी नळावर लावायची की घरावर? लाभ आणि करदान क्षमता यांचा गावपातळीवरचा हिशेब

कराचा बोजा कुणी किती उचलावा, यावर अर्थशास्त्रात दोन जुनी उत्तरं आहेत. लाभ तत्त्व म्हणतं, ज्याला सरकारी सेवेतून जितकं मिळतं तितकं त्यानं द्यावं. करदान क्षमतेचं तत्त्व म्हणतं, कोण काय घेतो ते सोडा, ज्याला जितकं झेपतं तितकं त्यानं द्यावं. अ‍ॅडम स्मिथनं 1776 मध्ये कराचा पहिला नियम सांगताना ही दोन्ही एकाच वाक्यात बसवली होती: कर ऐपतीप्रमाणे असावा, म्हणजे राज्याच्या संरक्षणाखाली माणूस जे उत्पन्न मिळवतो त्याच्या प्रमाणात. तेव्हापासून हे भांडण चालूच आहे.

पुस्तकात दोन्ही बाजू पटतात. निवड करायची वेळ येते ती ग्रामसभेत, नळयोजनेचा वार्षिक खर्च समोर आल्यावर. म्हणून तिथलाच हिशेब घेऊ.

500 घरांचं एक गाव धरा. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. पंपाचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, गळती आणि मोटरची दुरुस्ती मिळून योजनेचा खर्च वर्षाला 9 लाख. गावात 100 मोठी स्लॅबची घरं आहेत, भांडवली मूल्य सरासरी 11 लाख. मध्यम घरं 250, मूल्य 4 लाख. पत्र्याची लहान घरं 150, मूल्य 1 लाख. पाण्याचा वापर मोठ्या घरात महिन्याला 16 हजार लिटर, मध्यम घरात 10 हजार, लहान घरात 6 हजार. तेच 9 लाख तीन पद्धतींनी वाटले, तर एका घराचा वर्षाचा वाटा असा येतो:

| | मोठं घर | मध्यम घर | लहान घर |
|---|---|---|---|
| प्रत्येक नळाला सारखी पट्टी | 1,800 | 1,800 | 1,800 |
| मीटरवर, हजार लिटरला 15 रुपये | 2,880 | 1,800 | 1,080 |
| घराच्या मूल्यावर, शंभराला 40 पैसे | 4,400 | 1,600 | 400 |

मध्यम घराला तिन्ही पद्धतींत जवळपास तेवढंच पडतं, म्हणून ग्रामसभेत मधली माणसं गप्प असतात आणि दोन टोकं भांडतात. दुसरी गोष्ट, पहिली ओळ ही लाभ तत्त्वाची ओळ समजली जाते, पण ती तशी नाही. सारखी पट्टी म्हणजे 6 हजार लिटरवाल्यानं 16 हजारवाल्याइतकंच द्यायचं. ना लाभ मोजला, ना ऐपत. ती फक्त वसुलीला सोपी आहे, आणि बहुतेक गावांत ती टिकून आहे ती याच कारणानं. खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आहे.

मीटरच्या बाजूनं मोठं बोलणं हे की पाण्याचा लाभ मोजता येतो आणि न भरणाऱ्याचा नळ बंद करता येतो. लाभ तत्त्व चालायला या दोन्ही गोष्टी लागतात. मीटर बसला की अंगणात तासभर वाहणारी नळी आपोआप बंद होते, गळकी तोटी बदलली जाते, आणि टाकी शेवटच्या आळीपर्यंत पोचते. घराच्या मूल्यावर पट्टी लावली तर पाणी वाया घालवणाऱ्याला काहीच टोचत नाही, कारण त्याची रक्कम आधीच ठरलेली असते. माणसांची संख्याही मीटरच पकडतो. मुलं पुण्यात आणि घरात दोघंच राहणाऱ्या बंगल्याला मूल्यावरची पद्धत 4,400 लावते. तो बंगलेवाला विचारणार, आणि त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

पण मीटरची दुखरी जागा उलट बाजूला आहे. पत्र्याच्या घरात सात माणसं असतील तर त्यांचा वापर 6 हजारांवर थांबत नाही. तो 10 हजारांवर गेला की ते घर मध्यम घराइतकं, 1,800 भरणार. ज्याला सेवेची गरज जास्त त्याच्यावर बोजा जास्त, हे लाभ तत्त्वातलं मूळ कोडं आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलनं नेमकं इथंच बोट ठेवलं होतं: राज्याच्या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज दुबळ्यांना असते, मग लाभाप्रमाणे कर लावला तर सर्वांत जास्त तेच देणार.

दुसरी अडचण लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. समजा शंभर मोठ्या घरांनी स्वतःची बोअर घेतली आणि नळ तोडले. मीटरचं उत्पन्न 2 लाख 88 हजारांनी घटलं. खर्च तेवढा घटत नाही. 9 लाखांतले 5 लाख वीजबिल धरलं, तर वापर 32 टक्क्यांनी कमी झाल्यावर 1 लाख 60 हजार वाचतात. पाणी सोडणारा माणूस तोच, टाकी तीच, पाइपलाइन तेवढीच लांब. उरलेले 7 लाख 40 हजार 400 घरांत वाटायचे म्हणजे हजार लिटरचा दर 15 वरून 18 च्या पुढे जातो. ज्यांना बोअर परवडत नाही ते, बोअर परवडणाऱ्यांच्या जाण्याचा खर्च भरतात. लाभ तत्त्वात 'मी घेत नाही, म्हणून देत नाही' हे वाक्य रास्त ठरतं, आणि ते म्हणायची सोय ऐपतवाल्यालाच असते.

मग मूल्यावरची पद्धत घ्यावी? तिथं ऐपत मोजायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडून पाहा. त्यात घराचं क्षेत्रफळ आणि मूल्य असतं. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापर यांवरून ते मूल्य काढलेलं असतं. मालकाचं उत्पन्न त्यात कुठंच नसतं. दहा एकर उसाचा मालक साध्या घरात राहत असेल तर घरपट्टी त्याला लहान माणूस समजते. निवृत्त मास्तरांनी फंडाचे सगळे पैसे घालून स्लॅब टाकला असेल तर ते मोठे. घर ही ऐपतीची खूण आहे, पण ती खर्च करून झालेल्या ऐपतीची. आज हातात काय येतं ते त्यावरून कळत नाही. शिवाय घरपट्टीच्या दराला नियमांत कमाल मर्यादा आहे, त्यामुळे वरच्या तक्त्यातली तिसरी ओळ सगळीच्या सगळी प्रत्यक्षात आणता येणार नाही. दिशा दाखवण्यापुरतीच ती धरा.

इथं कुणी म्हणेल, मग ऐपतीचं तत्त्व कशाला हवं? कारण बऱ्याच खर्चांत लाभ तत्त्व सुरूच होऊ शकत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुणाच्या वाट्याला किती आला हे मोजता येत नाही, आणि न भरणाऱ्यापुरता अंधारही करता येत नाही. विचारायला गेलं तर प्रत्येक जण 'मी रात्री बाहेर पडतच नाही' म्हणणार.

याहून स्पष्ट उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे पगारपत्रकावर आजही दिसणारी 'पीटी'ची कपात. लाभ तत्त्व इथं लावून पाहा: लाभ कुणाला, तर पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या मजुराला. मग करही त्यानंच द्यायचा? त्याला मजुरी देऊन तीच परत घ्यायची? फेरवाटपाचा कुठलाही खर्च लाभ तत्त्वावर चालत नाही. शहरातल्या नोकरदारानं गावातल्या मजुरासाठी द्यायचं, कारण त्याला परवडतं, एवढंच समर्थन तिथं उरतं. स्थलांतर थांबलं तर शहरालाही फायदाच होतो, असा लाभाचा धागा काही जण जोडतात. मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

मात्र याच व्यवसाय करानं ऐपतीच्या तत्त्वाची फजितीही केली आहे. राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं या कराला माणशी वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात पुरुष नोकरदाराचा पगार महिना 10 हजारांच्या वर गेला की दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात, झाले 2,500. महिना 12 हजारवाल्याला हे वार्षिक पगाराच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडतं, तर महिना 3 लाखवाल्याला 0.07 टक्के. नाव ऐपतीचं, पण वरच्या टोकाला मोजपट्टीच संपते. स्त्रियांना महिना 25 हजारांपर्यंत सूट आहे, ती 2023 पासून.

तेव्हा ठरवणाऱ्याला माझा सल्ला असा: तत्त्व एकच निवडू नका, खर्चाचे तुकडे करा. मुंबई महापालिकेची मांडणी पाहण्यासारखी आहे. मीटर असलेल्या इमारतीला वापरलेल्या पाण्याचं बिल वेगळं येतं, आणि मालमत्ता करात 'जललाभ कर' वेगळा असतो. तो पाणीपुरवठ्याची कामं उभारण्याच्या भांडवली खर्चासाठी, मालमत्तेच्या मूल्यावर. नाव लाभाचं, पण मोजमाप मालमत्तेचं. आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, म्हणजे तिथं पुन्हा ऐपतीचा विचार शिरला.

गावात हेच असं करता येईल. वापरासोबत कमी-जास्त होणारा खर्च, म्हणजे वीज आणि टीसीएल, मीटरवर टाका. पहिल्या 6 हजार लिटरचा दर खर्चापेक्षा कमी ठेवा आणि त्यापुढचा चढता. पगार आणि दुरुस्ती यांसारखा वापर थांबला तरी न थांबणारा खर्च प्रत्येक नळाच्या स्थिर आकारातून घ्या. हा आकार सरसकट नको, जोडणीच्या आकाराप्रमाणे ठेवा, अर्धा इंचीला कमी आणि पाऊण इंचीला जास्त. नवी टाकी किंवा वाढीव पाइपलाइन मात्र घरपट्टीच्या उत्पन्नातून, कारण टाकी झाली की गावातल्या प्रत्येक जागेची किंमत वाढते, नळ घेतलेला असो वा नसो. बोअरवाल्याचा वाटाही त्यात आपोआप येतो. मीटर बसवायला पैसे नसतील तर नुसत्या जोडणीच्या आकारावरची पट्टीही सारख्या पट्टीपेक्षा बरी.

दर बसला की बिघडला हे कळायला वर्ष पुरतं. मार्चअखेर नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही, काढून थकबाकीची नावं घरांच्या आकाराप्रमाणे लावा. थकबाकी लहान घरांकडे साठत असेल तर पहिल्या टप्प्याचा दर जड झाला आहे, तो उतरवा. ती मोठ्या घरांकडे असेल तर दराला हात लावू नका. तिथं प्रश्न ऐपतीचा नसतो, वसुलीला कोण जातं आणि नळ तोडायची नोटीस कुणाला बजावली जाते याचा असतो.