दोन अर्ज, एकच निकाल

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने बेळगावातल्या शाळेसाठी अर्जाचे दोन मसुदे केले आणि मला विचारलं, कुठला पाठवू?

पहिल्यात होतं: ‘दहावीचा माझा निकाल शंभर टक्के.’ वाचायला झकास. पण एसएसएलसीला गणिताच्या शंभरातले वीस गुण शाळाच देते, लेखी पेपर ऐंशीचा. हे मुख्याध्यापकांना पाठ असतं, म्हणून नुसत्या टक्क्यावर ते भुलत नाहीत. शिवाय वर्गात मुलं किती, नापास होणाऱ्यांना बसू दिलं का, हेही कळत नाही.

दुसरा मसुदा असा: ‘वर्गात 24 मुलं. जूनच्या चाचणीत 9 जणांना अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. रोज पहिली दहा मिनिटं कागदाच्या पट्ट्या दुमडून छेद समान करायला लावले, शुक्रवारी पाच गणितांची चिठ्ठी. दिवाळीपर्यंत सात जण सावरले. बोर्डात लेखी ऐंशीपैकी सर्वात कमी गुण 31.’

मी म्हटलं, ‘अगं, हाच पाठव.’ त्यात पद्धत आणि निकाल एकमेकांना धरून आहेत, आणि न सावरलेले दोघेही लपवलेले नाहीत. मुलाखतीत त्या दोघांबद्दलच विचारतील. तिच्याकडे उत्तर आहे.

पहिल्या मसुद्यातलं एक वाक्य मात्र उचलायला लावलं: कन्नड लिहिता-वाचता येतं. इथल्या शाळेत खात्याची पत्रं कन्नडमध्येच येतात ना!