छाती म्हणते एम, कंबर म्हणते एक्सएल: सायकलिंगची जर्सी आणि पॅडेड शॉर्ट्स कोणत्या मापाचे घ्यावेत?

एक नेहमीचा पेच घेऊ. छाती ९८ सेंमी, कंबर ९२, पायाची आतली लांबी ७६. समोरच्या तक्त्यात एम म्हणजे छाती ९४ ते ९९ आणि कंबर ८० ते ८५, एलची कंबर ८६ ते ९१, एक्सएलची ९२ ते ९७. थोडं पोट असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, आणि इटालियन रेस कट तर आपल्या नेहमीच्या टी-शर्टपेक्षा एक-दोन मापं लहानच बसतो. त्यामुळे अक्षरापेक्षा सेंटिमीटर बघा.

आधी मापं नीट घ्या. छातीचं माप काखेखालून, सगळ्यात भरलेल्या भागावर घ्यायचं, श्वास न रोखता. कंबर जीन्सच्या पट्ट्याजवळ नाही, बेंबीच्या पातळीवर मोजायची, कारण शॉर्ट्सचं इलॅस्टिक तिथेच येतं. पोट आत ओढून मोजाल तर पुढे पस्तावाल.

जर्सीसाठी एम, एल आणि एक्सएल असे तीन पर्याय समोर येतात. एम छातीला बसेल, पण पोटावर चेन ताणली जाऊन नागमोडी होईल. खिशात फोन आणि दोन केळी टाकली की गळ्यापाशी ओढ बसेल. एक्सएलमध्ये खांदे उतरतात, उतारावर कापड फडफडतं आणि मागचे खिसे लोंबतात. इथे एल घ्यावा, तोही रेस कट नाही, जरा मोकळा कट. घालून ताठ उभं राहू नका, हँडल धरल्यासारखे वाका. उभं असताना पोटावर थोड्या चुण्या पडल्या आणि पुढची कड आखूड वाटली तर तो दोष नाही, जर्सी वाकलेल्या अंगासाठीच शिवलेली असते. वाकल्यावर पाठ उघडी पडली किंवा काखेत काचलं, तर मात्र माप लहान आहे.

शॉर्ट्सचा हिशेब उलटा. जर्सी जरा सैल असली तर फार तर वारा भरेल. शॉर्ट्स सैल असले तर पॅड जागचं हलतं, आणि हललेलं पॅड तासाभरात मांडी सोलवटून काढतं. आपल्या उदाहरणात कंबरेवरून एक्सएल घेतला तर कंबर छान बसेल, पण मांड्या बारीक असल्याने पायाकडे कापड सुटं राहील. एल घेतला तर मांडी नि नितंब घट्ट बसतील, पॅडही जागेवर राहील, पण वाकल्यावर इलॅस्टिक पोटाखाली दुमडून रुतेल. म्हणून अशा अंगाला माझं मत एल मापाच्या बिब शॉर्ट्सकडे झुकतं. त्यात कंबरेचं इलॅस्टिकच नसतं, खांद्यावरचे पट्टे भार घेतात. उभं असताना पट्टे किंचित ओढल्यासारखे वाटतील, वाकल्यावर ते सैलावले पाहिजेत. वाकूनही खांद्यात रुतत असतील तर धडाच्या मानाने माप आखूड आहे.

घट्ट आणि तंग यातला फरक हाताने कळतो. पॅड बाहेरून धरून हलवा: ते अंगावर सरकलं तर शॉर्ट्स सैल. मग उकिडवे बसा: कापड विरळ दिसायला लागलं, किंवा मांडीवरच्या ग्रिपरच्या, म्हणजे कडेच्या घट्ट पट्टीच्या, वर मांस फुगून आलं, तर तंग. ग्रिपरचा हलका वळ उमटला तर काळजी नको. आणि हे शॉर्ट्स अंतर्वस्त्राशिवाय वापरायचे असतात, म्हणून माप ठरवतानाही तेवढी जागा धरू नका. दुकानात घालून बघताना अर्थातच आत पातळ काहीतरी ठेवावं.

पायाच्या लांबीचा घोळ वेगळाच. तक्त्यात २२ किंवा २५ सेंमी दिसतं ते तुमच्या पायाचं नाही, शॉर्ट्सच्या आतल्या शिवणीचं माप. आपल्या ७६ मधून २२ वजा केले की कड जमिनीपासून ५४ सेंमीवर येते. गुडघ्याच्या वाटीची वरची बाजू ५० वर असेल तर चार सेंमी जागा उरते, ठीक. २५ घेतले तर कड ५१ वर, म्हणजे जवळजवळ वाटीवरच, आणि प्रत्येक पॅडलला ती वर सरकेल. त्याउलट फारच आखूड घेतले तर कड सीटशी घासणाऱ्या जागेपर्यंत चढते.

बिबची अडचण एकच: लघुशंकेला जाताना आधी जर्सी वर करावी किंवा काढावी लागते, शिवाय दमट हवेत अंगावर एक थर वाढतो. तो नकोच असेल तर रुंद, मऊ पट्ट्याचे एल शॉर्ट्स बघा. दोरीच्या अरुंद पट्ट्यापेक्षा ते पोटावर कमी रुततात.