ब्लाउजच्या ऑर्डरींची नोंद: ग्राहकवार वही, तारीखवार रजिस्टर की संगणकावरचा तक्ता?

सांगलीत विश्रामबागेत माझ्या बहिणीचे बुटिक आहे. ती कटिंग करते, दोन कारागीर शिलाई करतात आणि काउंटर मी सांभाळते. एवढ्या आकाराच्या दुकानासाठी नोंदवही निवडायची असेल, तर आम्ही वापरून पाहिलेल्या तिन्ही पद्धतींतला फरक सांगणे मला आवश्यक वाटते.

ग्राहकवार वहीत प्रत्येक ग्राहकाला एक पान असते आणि उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही व दोन्ही गळ्यांची मापे तिथे कायम राहतात. जुन्या ग्राहकाचे माप मिनिटभरात सापडते, हा या वहीचा खरा फायदा. मात्र मापाशेजारी तारीख हवीच, आणि ते अंगावरून घेतले की मापाच्या ब्लाउजवरून, हेही लिहिलेले हवे. आमच्याकडे एकदा ‘छाती 38’ एवढेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते शिवलेल्या ब्लाउजचे माप होते, त्यात लूजिंग आधीच धरलेले होते. बहिणीने ते अंगाचे समजून पुन्हा दोन इंच लूजिंग धरले आणि ब्लाउज काखेत ढिला झाला. सुदैवाने असा ब्लाउज आत घेता येतो. उलट चूक झाली असती, तर शिलाईत सोडलेली माया तरी पुरली असती की नाही, कोण जाणे.

या वहीची मोठी उणीव कबूल केलेल्या तारखेत आहे. तारीख प्रत्येकीच्या पानावर विखुरलेली राहते, त्यामुळे एका दिवसासाठी किती कपडे घेतले हे कोणालाच दिसत नाही. आमचा एक कारागीर दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज नीट शिवतो, म्हणजे दोघांचे मिळून आठ. लग्नसराईत 28 एप्रिलसाठी आम्ही तेरा ब्लाउज कबूल केल्याचे 26 तारखेला पाने उलटताना लक्षात आले. पाच जणींना फोन करावे लागले, आणि त्यांपैकी एकीचा हळदीचा कार्यक्रमच 29 ला होता.

त्यानंतर आम्ही तारीखवार रजिस्टर सुरू केले. प्रत्येक तारखेला एक पान आणि पानावर फक्त आठ ओळी. पॅडेड प्रिन्सेस कट किंवा ड्रेस असेल तर तो दोन ओळी घेतो. आठवी ओळ भरली की ग्राहकाला पुढचीच तारीख सांगायची. पानावरची तारीख कपडा तयार होण्याची असते. ग्राहकाला आम्ही त्यानंतर दोन दिवसांची तारीख देतो, कारण ट्रायलमध्ये निघालेली दुरुस्ती, हुक आणि फॉल-पिको यांना वेळ हवा असतो.

आलेल्या कापडाची नोंदही याच ओळीत, ग्राहकासमोर टेप लावून करावी. साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस बहुधा ऐंशी सेंटीमीटरचा असतो, पण कापताना तिरका गेला असेल तर एका काठाला तो कमी भरतो आणि लांब बाही बसत नाही. ही गोष्ट काउंटरवर दिसली तर बाही आखूड करायची की जोड द्यायचा, हे तिथेच ठरते. लांबी, पन्हा, आधीपासूनचा डाग किंवा ओढलेले सूत लिहून कडेचा नखाएवढा तुकडा ओळीशेजारी स्टेपल करावा. तोच पावती क्रमांक कापडाच्या गाठोड्याला टाचावा. हिरव्या पैठणीच्या तीन पिसांमध्ये नेमका कोणता कोणाचा, हे त्या तुकड्यावरून कळते. मोबाइलच्या फोटोत रंग बदलतो.

संगणकावरच्या तक्त्यात तो तुकडा लावता येत नाही, पण तारखेची बेरीज मात्र आपोआप होते. D रकान्यात तयार होण्याची तारीख आणि E मध्ये ओळींची संख्या असेल, तर हे सूत्र पुरते:

```
=SUMIF(D:D,DATE(2026,4,28),E:E)
```

येथे एक सापळा आहे. 05/06 असे टाइप केल्यास काही सेटिंगमध्ये ते 5 जूनऐवजी 6 मे धरले जाते. 28/04 मात्र त्याच सेटिंगमध्ये तारीख न होता मजकूर म्हणून राहते आणि बेरजेतून गळते. अशी नोंद साधारणपणे रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते, तर खरी तारीख उजवीकडे जाते.

दोन-तीन मशीनच्या दुकानाने तारीखवार रजिस्टर मुख्य ठेवावे आणि मापांची ग्राहकवार वही त्याला जोड म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे. कपडे दोन ठिकाणी शिवायला जात असतील किंवा काउंटरवर दोघे जण ऑर्डर घेत असतील, तर तक्ता घ्यावा. तरीही तुकड्याचे रजिस्टर बंद करू नये. नोंद बॉलपेनने करावी, जेल पेनची शाई पाण्याने पसरते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले होते, म्हणून मापांच्या वहीच्या पानांचे फोटो आम्ही दर महिन्याच्या शेवटी काढून घरच्या मोबाइलमध्ये ठेवतो.