डाइक्स्ट्रा की बेलमन-फोर्ड? चार गावांवर चालवून बघा

शॉर्टेस्ट पाथच्या, म्हणजे एका ठिकाणाहून बाकीच्यांपर्यंतचा सगळ्यात स्वस्त रस्ता शोधायच्या, स्लाइड वाचून डाइक्स्ट्रा आणि बेलमन-फोर्ड यातला कोणता अल्गोरिदम वापरायचा इथंच बरीच पोरं अडकायलेत, कारण स्लाइडवरच्या उदाहरणात दोन्हीचं उत्तर सारखंच येतं. फरक कळतो तो एखाद्या एजचं, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या रस्त्याचं, वजन उणे केल्यावर, म्हणून तेच घेऊ.

गावं चार, रस्ते एकतर्फी, आकडे म्हणजे टेम्पोचा खर्च शंभराच्या हिशोबात, मनानेच धरलेले. संभाजीनगर ते जालना 2, संभाजीनगर ते बीड 5, जालना ते परभणी 1, आणि बीड ते जालना उणे 4, कारण त्या रस्त्याला भाडं मिळतं, डिझेल जाऊन वर पैसे सुटतात.

डाइक्स्ट्रा आधी. संभाजीनगर 0, तिथून जालना 2, बीड 5. सगळ्यात कमी जालना, म्हणून ते पक्कं केलं, तिथून परभणी 3, तेही पक्कं. मग बीडचा नंबर लागतो आणि तिथून जालना 5 वजा 4 म्हणजे 1 लाच पडतंय, पण जालन्यावर शिक्का आधीच बसलाय! परभणी 3 वरच राहते, खरं उत्तर 2 आहे. पक्कं केलेलं गाव पुढं स्वस्त होणार नाही हे डाइक्स्ट्रा धरून चालतो, आणि उणे एज नेमकं तेच मोडते.

इथं एक गोची आहे. हीपवाल्या बऱ्याच कोडमधे पक्क्याचा शिक्काच नसतो, जालना 1 म्हणून परत हीपमधे जातं आणि उत्तर बरोबर येतं, मग पोरं म्हणतात स्लाइड चुकली. स्लाइड बरोबरच आहे, फक्त त्या कोडला मोठ्या ग्राफवर एकेक गाव कितीही वेळा काढावं लागू शकतं आणि वेळेची हमी राहत नाही.

आता बेलमन-फोर्ड. हा कोणालाच पक्कं करत नाही, प्रत्येक फेरीत सगळ्या एज तपासतो, आणि गावं चार म्हणून फेऱ्या तीन. मुद्दाम वाईट क्रम घ्या: जालना-परभणी, बीड-जालना, संभाजीनगर-बीड, संभाजीनगर-जालना. पहिल्या फेरीत फक्त बीड 5 आणि जालना 2 भरतं. दुसरीत परभणी 3, लगेच जालना 1. तिसरीत परभणी 2, झालं. वहीत फेरीगणिक एक ओळ लिहा, तिसरी फेरी का लागते ते डोळ्यांनी दिसतं.

तर निवड कशी करायची? वजनं अंतराची, वेळेची असतील, उणे काहीच नसेल, तर डोळे झाकून डाइक्स्ट्रा, कारण बेलमन-फोर्डचं काम गावं गुणिले एज एवढं वाढतं आणि मोठ्या ग्राफवर ते लई महाग पडतं. एक जरी एज उणे असली तर मात्र बेलमन-फोर्डच, आणि उणे चक्कर आहे का ते पकडायला त्याची एक जास्तीची फेरी चालवाच. वरच्या ग्राफमधे जालना ते बीड 3 ची एज टाकून बघा, बीड-जालना-बीड चक्कर उणे 1 ची होते, चौथ्या फेरीतही आकडे उतरतच राहतात, म्हणजे जालना, बीड, परभणीसाठी सगळ्यात स्वस्त असा रस्ताच उरत नाही.